संगणकावरचं गाणं फोनवर का वाजत नाही?

आजोबांच्या कॅसेटवरून उतरवलेलं भजन संगणकावरच्या स्पॉटिफायमध्ये जोडलं, प्लेलिस्टमध्ये टाकलं, तिथे ते छान वाजलंही. फोनवर मात्र त्याचं नाव करडं दिसतं आणि दाबलं तरी काही होत नाही. याचं कारण असं, की स्पॉटिफाय ती फाइल आपल्या सर्व्हरवर चढवतच नाही. खात्यातून फोनकडे जाते ती फक्त गाण्याच्या नावाची नोंद. खरी फाइल घरच्या वायफायवरून थेट संगणकाकडून फोनकडे यावी लागते.

म्हणून दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर, एकाच प्रीमियम खात्यात हवीत आणि दोन्हींकडे स्पॉटिफाय उघडं हवं. फोनच्या सेटिंगमध्ये स्थानिक फाइल्सचा पर्याय चालू करा, मग ती प्लेलिस्ट डाउनलोड करा. आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी नाकारलेली असेल, तर बाकी सगळं बरोबर असूनही काम अडतं. तरीही गाणं करडंच राहिलं, तर संगणकाची फायरवॉल तपासा. राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत, हेही लक्षात ठेवा. मूळ एमपीथ्री मात्र संगणकावरून पुसू नका. स्पॉटिफायकडे तिची प्रत नसते.