हेल्मेटमधला मळ आणि झीज

रोजच्या वापरातल्या हेल्मेटला येणाऱ्या वासाला घामाचा वास म्हणतात, पण ताज्या घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. घाम स्पंजमध्ये मुरतो, त्यात केसांचे तेल आणि त्वचेचा मळ मिसळतो, आणि बंद, ओलसर जागेत वाढणारे जिवाणू त्याचे विघटन करतात. वास येतो तो या विघटनातून. अत्तर किंवा सुगंधी फवारा मारला की दोन दिवस बरे वाटते, मग वास परततो, कारण स्पंजमधले तेल आणि ओल जागच्या जागीच असते. खाण्याचा सोडा रात्रभर भुरभुरून सकाळी झटकला तर वास थोडा कमी होतो, पण तेलाचा थर त्याने निघत नाही. उपाय एकच, तो म्हणजे पॅडिंग धुणे.

धुण्याआधी हेल्मेटची रचना माहीत हवी. बाहेर प्लॅस्टिकचे किंवा फायबरचे कठीण कवच असते, त्याच्या आत थर्माकोलचा जाड थर आणि सर्वांत आत कापड चढवलेला स्पंज. अपघातात धक्का शोषण्याचे मुख्य काम थर्माकोल करतो. तो दबला की दबलेलाच राहतो, पुन्हा फुगत नाही. पाण्याने त्याला इजा होत नाही, पण पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश काढायचे द्रव त्याला विरघळवतात. म्हणून हेल्मेटवरचे डाग पेट्रोलच्या फडक्याने पुसण्याची गॅरेजमधली सवय इथे घातक ठरते.

पॅडिंग निघणारे पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट असेल तर आधी गालाचे पॅड काढावेत. ते बहुधा टिचबटणांनी बसवलेले असतात. पॅड कोपऱ्याला धरून ओढला तर शिवण उसवते, म्हणून बटणाच्या अगदी जवळ बोटे घालून एकेक बटण सोडवावे. डोक्यावरच्या गादीची कपाळाकडची प्लॅस्टिकची पट्टी अनेक हेल्मेटांत कवच आणि थर्माकोल यांच्या फटीत खोचलेली असते. ती सरळ वर ओढायची, वाकवायची नाही. पुन्हा बसवताना घोटाळा नको म्हणून काढण्याआधी आतल्या बाजूचा एक फोटो घेतलेला बरा.

बादलीत चार-पाच लिटर कोमट पाणी घेऊन त्यात लहान मुलांच्या सौम्य शाम्पूचे दोन चमचे घालावेत. कपड्यांची पावडर टाळावी. तिचे कण स्पंजमध्ये अडकून राहतात आणि पुढच्या वेळी घाम आला की कपाळाला खाज सुटते. पॅड अर्धा तास भिजू द्यावेत, मग तळहाताने दाबत आणि सोडत राहावे. वर्षभर न धुतलेल्या पॅडमधून पहिल्यांदा चहासारखे तपकिरी पाणी निघते. डोक्याला खोबरेल तेल लावणाऱ्यांच्या गादीवर चिकट तवंग असतो. तिथे शाम्पूचे दोन थेंब थेट लावून जुन्या मऊ दातब्रशने घासावे लागते. पाणी बदलून हीच कृती पुन्हा करावी आणि फेस पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्यात खळबळावे. पॅड पिळू नयेत. पिळल्याने स्पंज फाटतो आणि कापडापासून सुटतो. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले की बरेचसे पाणी निघून जाते.

वाळवणे हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. गाद्यांना ऊन दाखवायची आपली जुनी रीत चांगली आहे, पण कडक उन्हात वारंवार तापलेला स्पंज ठिसूळ होतो. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा तर आणखी वाईट. पॅड सावलीत, पंख्याखाली ठेवावेत. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात दोन दिवसही लागतात. वरून कोरडा वाटणारा पॅड टिश्यू पेपरवर जोरात दाबावा. कागद ओला झाला तर आत पाणी आहे, आणि असा पॅड बसवला तर आठवड्यात कुबट वास येणारच. स्वस्त हेल्मेटचे पॅडिंग निघत नाही. तिथे शाम्पूचा नुसता फेस स्पंजने लावावा, ओल्या फडक्याने तीन-चार वेळा टिपून घ्यावा आणि हेल्मेट उलटे ठेवून पंख्याखाली वाळवावे. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी घालून ती रोज धुतली तर ही सगळी खटपट कितीतरी कमी वेळा करावी लागते. ओले हेल्मेट डिकीत कोंडून मात्र ठेवू नये.

धुण्याने मळ जातो, झीज भरून येत नाही. धुतलेला पॅड अंगठ्याने दाबून सोडला की तो लगेच वर यायला हवा. खळगा तसाच राहिला, किंवा स्पंजचा भुगा बोटाला लागला, तर पॅडचे आयुष्य संपले. डोक्यावर तपासण्याची रीतही सोपी आहे. पट्टा बांधून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवावे. गालांची आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली तर बसणी ठीक आहे. हेल्मेट एकटेच फिरत असेल, किंवा मागून उचलल्यावर डोळ्यांवर घसरत असेल, तर ते सैल झाले आहे. अशा वेळी बाजारातला साधा स्पंज कापून आत कोंबण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मऊ स्पंज जागा भरतो पण डोके धरून ठेवत नाही. त्याच मॉडेलचे, त्याच मापाचे पॅड मिळत असतील तर बदलावेत. मिळत नसतील, किंवा पॅड काढल्यावर थर्माकोलला चीर वा खळगा दिसला, तर हेल्मेटच बदलावे. आरशावर अडकवून ठेवलेल्या हेल्मेटमध्ये असा खळगा हळूहळू पडत जातो.

हेल्मेटच्या पुढच्या भागाला सगळे काच म्हणतात, पण ती बहुधा पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते आणि तिच्या चुका या नावातूनच सुरू होतात. घरातल्या काचेचे निळे द्रव त्यातल्या अमोनियामुळे किंवा स्पिरिटमुळे हे प्लॅस्टिक आणि त्यावरचा संरक्षक लेप बिघडवू शकते. त्याहून जास्त नुकसान कोरड्या फडक्याने होते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि कोरडे पुसले की ते घासकागदाचे काम करतात. चिकटलेल्या किड्यांवर ओले मऊ कापड दहा मिनिटे ठेवावे, मग वाहत्या पाण्याखाली शाम्पूच्या थेंबाने बोटांनीच धुवावे आणि स्वच्छ मायक्रोफायबरच्या कापडाने टिपावे.

धुऊन वाळवल्यावरही धूसरपणा राहिला तर तो ओरखड्यांचा. अंधाऱ्या खोलीत एका दिव्याकडे काचेतून पाहावे. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी प्रकाशवलये दिसली तर रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याने रस्ता दिसेनासा होण्याचे कारण सापडले. टूथपेस्टने घासल्यावर काच चमकते खरी, पण लेप घासला जातो आणि पुढचे ओरखडे अधिक लवकर पडतात. प्लॅस्टिकच्या पॉलिशनेही फक्त बारीक रेषा फिक्या होतात. नख अडकेल इतका खोल ओरखडा जात नाही, आणि तो घासून सपाट केला तर त्या जागी दृश्य वेडेवाकडे दिसते.

पावसात आतून धरणारे धुके श्वासाच्या वाफेचे असते, त्याचा ओरखड्यांशी संबंध नाही. हनुवटीजवळचा झरोका उघडणे आणि काच किंचित वर ठेवणे हा पहिला उपाय. साध्या काचेला आतून शाम्पूचा थेंब चोळून कोरडा पुसला तर धुके काही काळ थांबते. आधीच धुकेरोधक लेप असेल तर तिथे काहीही चोळू नये, तो लेप नाजूक असतो.

डोळ्यांसमोरच्या पट्ट्यात ओरखडे असतील तर त्याच मॉडेलची नवी काच बसवावी. बहुतेक रोजच्या हेल्मेटांत ती वेगळी मिळते, नव्या हेल्मेटपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि काही मिनिटांत बसते. रात्रीच्या प्रवासासाठी ती रंगहीनच घ्यावी.