सात मिनिटांच्या फोनचं बिल

तासावर फी घेणाऱ्या सल्लागाराचं बिल दरावरून क्वचितच अडकतं. दराची घासाघीस काम सुरू होण्याआधीच झालेली असते. बिल अडकतं ते अकाउंट्समध्ये, कारण तिथे ते तपासणारा माणूस त्या फोनवर नव्हता, त्या मीटिंगला नव्हता आणि सल्लागाराला त्याने बहुधा पाहिलेलंही नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतो. त्या कागदावरची ओळ त्याच्या ऑफिसातल्या कुठल्याच नोंदीशी जुळली नाही, की तो बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतो आणि बिल ‘खुलाशासाठी’ म्हणून पडून राहतं.

उदाहरण म्हणून पुण्यातल्या एक सल्लागारबाई घेऊ. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरमधल्या साठ्याची घडी बसवून द्यायचं काम त्यांच्याकडे आहे. दर तासाला २,४०० रुपये, प्रवासाच्या वेळेला निम्मा, म्हणजे १,२००. कंपनीने ६० तासांची पीओ काढलेली आहे.

आता टाइमशीटमधली ही ओळ पाहा: ‘फोनवर चर्चा, डेटाचा अभ्यास, अहवाल – ५ तास.’ काम खरंच झालं असेल, पण तपासणाऱ्याला यातलं काहीच पडताळता येत नाही. तीन कामं एकाच आकड्यात कोंबली आहेत. अहवालाला चार तास लागले की एक, हे कळायला मार्ग नाही. हीच ओळ फोडून लिहिली तर वेगळी दिसते: ‘स्टोअर मॅनेजरांशी फोन, बेअरिंगच्या साठ्यातली तफावत – ०.४ तास. वर्षभर न हललेल्या मालाची यादी तयार करून मेल केली – २.९ तास. मासिक अहवाल, पहिला मसुदा – १.७ तास.’ तास तेवढेच आहेत. पण प्रत्येक ओळीमागे कंपनीत एक माणूस, एक मेल किंवा एक फाइल आहे, आणि अकाउंट्सवाल्याला कोणाला विचारायचं हे कळतं. बहुतेक वेळा मग तो विचारतच नाही.

सगळे आकडे २.०, ३.०, १.५ असे गोलगोल असले तरी शंका येते, आणि ती रास्त असते. अशी टाइमशीट बहुधा शनिवारी संध्याकाळी आठवून आठवून भरलेली असते. काम संपताक्षणी नोंद केली, तर आकडे आपोआप वेडेवाकडे येतात.

कारखान्याच्या भेटींना आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे गेटवरचं रजिस्टर. बाईंनी टाइमशीटमध्ये ‘१० ते ३, पाच तास’ लिहिलं आणि वॉचमनच्या वहीत आत १०.१०, बाहेर २.४० असेल, तर एका भेटीवरून अख्ख्या महिन्याचे तास संशयात येतात. म्हणून नोंद गेटच्याच वेळेने करावी आणि जेवणाचा अर्धा तास वजा केल्याचं त्याच ओळीत लिहावं: ‘गेट १०.१० ते २.४०, जेवण ०.५ वजा, ४.० तास.’

खरी मेख राउंडिंगमध्ये आहे. अमेरिकेतल्या वकिलांमध्ये सहा मिनिटांचं एकक रूढ आहे. तासाचा दहावा भाग, त्यामुळे हिशेब दशांशात सरळ बसतो. आपल्याकडे अनेकजण पंधरा मिनिटं धरतात. बाईंच्या एका दिवसात पाच छोटी कामं झाली असं धरू: ७, २२, ४१, ४ आणि ६३ मिनिटं. बेरीज १३७ मिनिटं, म्हणजे फी ५,४८० रुपये. प्रत्येक काम वरच्या पाव तासाला नेलं तर १८० मिनिटं होतात आणि बिल ७,२०० रुपयांचं. प्रत्येक काम वरच्या सहा मिनिटांना नेलं तर १५० मिनिटं आणि ६,००० रुपये. जवळच्या पाव तासाला आणलं, तर सात आणि चार मिनिटांचे फोन चक्क शून्य होतात. १२० मिनिटं, ४,८०० रुपये. आणि आधी दिवसाची बेरीज करून तेवढीच जवळच्या सहा मिनिटांना आणली तर १३८ मिनिटं, ५,५२० रुपये. खऱ्या आकड्यापासून फक्त ४० रुपये दूर.

माझं मत या शेवटच्या पद्धतीच्या बाजूने आहे. यात दर नोंदीला वर ढकलण्याची सोय नाही आणि ग्राहकाला ती एका वाक्यात समजते. मात्र ते वाक्य पहिल्या बिलाच्या आधी, कामाच्या पत्रातच असायला हवं, आणि मग दर बिलावर खाली छापलेलं: ‘दिवसाची एकूण मिनिटं जवळच्या सहा मिनिटांना आणली आहेत.’ सात मिनिटांच्या फोनचे पाव तासाचे ६०० रुपये लावलेले दिसल्यावर नियम सांगायला गेलात, तर तो नियम न वाटता सबब वाटते.

काही घोळ एक्सेल करतं. १८ तास २४ मिनिटं म्हणजे १८.४ तास, घाईत ते १८.२४ लिहिलं की बिलात ३८४ रुपये कमी पडतात. उलट, रकान्यात 18:24 भरून सरळ दराने गुणलं तर ४४,१६० ऐवजी १,८४० येतात, कारण एक्सेलच्या लेखी वेळ हा दिवसाचा अपूर्णांक असतो. आधी `*24` करावं लागतं. बेरीज २४ तासांच्या पुढे गेली की साध्या फॉरमॅटमध्ये २५:५४ चे १:५४ दिसतात. तिथे `[h]:mm` हा फॉरमॅट लावावा.

आता बाईंचं महिन्याचं बिल. काम १८.४ तास, ४४,१६० रुपये. प्रवास ६.० तास, ७,२०० रुपये. तिसरी ओळ: ‘आमच्या यादीतली चूक दुरुस्त केली, १.५ तास, आकार नाही.’ ही फुकटची ओळ मुद्दाम दाखवायची. न आकारलेला वेळ दिसला की आकारलेल्या वेळेवर विश्वास बसतो. फी झाली ५१,३६०. त्यावर १८ टक्के जीएसटी ९,२४४.८०, बेरीज ६०,६०४.८०, राउंड ऑफ करून ६०,६०५. कंपनी १० टक्के टीडीएस कापेल, तो जीएसटी वेगळा दाखवलेला असल्याने नुसत्या फीवर, म्हणजे ५,१३६. हातात येणार ५५,४६९. हा शेवटचा आकडाही स्टेटमेंटमध्ये द्यावा, म्हणजे बँकेत ‘कमी’ पैसे आल्याचा फोन करावा लागत नाही. सोबत पीओचा नंबर आणि तासांची स्थिती: मंजूर ६०, मागचे २२.३, या महिन्याचे २४.४, शिल्लक १३.३. पीओ संपल्यावरचे तास कितीही खरे असले तरी अकाउंट्स ते पास करत नाही.

एवढं करूनही शंका येऊ शकते, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी तासांचं स्टेटमेंट मसुदा म्हणून स्टोअर मॅनेजरकडे पाठवायचं, त्यांचा ‘ठीक आहे’ असा मेल घ्यायचा आणि मगच जीएसटीचं टॅक्स इन्व्हॉइस काढायचं. मसुद्यातली ओळ खोडता येते. निघालेल्या इन्व्हॉइसमधला अर्धा तास कमी करायचा तर क्रेडिट नोट काढावी लागते, ती रिटर्नमध्ये दाखवावी लागते आणि कंपनीलाही तेवढं क्रेडिट उलटवावं लागतं. बाराशे रुपयांसाठी दोन्हीकडच्या अकाउंटंटना कामाला लावायला कोणीच राजी नसतं.