एका पाकिटावर पाच शेरे

गोडा मसाल्याचं 200 ग्रॅमचं पाकीट. गडद चॉकलेटी रंग, वर उत्पादकाचं नाव, मधोमध मसाल्याच्या डब्याचं रेखाचित्र आणि तळाशी ‘गोडा मसाला’ ही अक्षरं. हे डिझाइन पाच जणांकडे गेलं. मसाला करणाऱ्या काकू म्हणाल्या, आमचं नाव मोठं करा आणि आईच्या कृतीची हकिकत पुढच्या बाजूलाच छापा. विक्री बघणारा त्यांचा मुलगा म्हणाला, पुढची बाजू मोकळी ठेवा, गर्दी नको. वितरक म्हणाला, पाकीट दुकानात दिसतच नाही, लाल-पिवळं करा. लेबलचे नियम बघणाऱ्या सल्लागार बाईंनी कळवलं, नुसता मराठी मजकूर चालणार नाही आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह बरंच मोठं हवं. छापखान्यातून निरोप आला, चॉकलेटी रंगावरची पांढरी बारीक अक्षरं भरून जातील.

उदाहरण रचलेलं आहे, पण पॅकेजिंगच्या धंद्यातल्या कुणालाही यातला एकेक शेरा ओळखीचा वाटेल. पाचही पाळता येत नाहीत हे उघड आहे. मग डिझायनर बहुधा दोनपैकी एक वाट धरतो. ज्याचा फोन शेवटी आला त्याचं ऐकतो, किंवा सगळ्यांना थोडं थोडं वाटून टाकतो: रंग जरा लालसर, नाव जरा मोठं, हकिकत जरा लहान टायपात. दुसरी वाट जास्त घातक, कारण ती समंजसपणाची वाटते. त्यातून निघणारं पाकीट दुकानात दिसत नाही, हकिकत वाचता येत नाही आणि काकूंनाही ते आपलं वाटत नाही.

प्रत्येक शेऱ्यात दोन गोष्टी गुंतलेल्या असतात, एक अडचण आणि एक उपाय. ‘दिसत नाही’ ही अडचण, ‘लाल-पिवळं करा’ हा उपाय. अडचण सांगणारा माणूस ती रोज बघत असतो, त्यामुळे तिच्याबाबत त्याचं सहसा खरं असतं. उपाय मात्र त्याला त्या क्षणी सुचलेला असतो. भांडण जवळपास नेहमी उपायांचं असतं. म्हणून पहिलं काम साधं आहे. एका तक्त्यात शेरा कुणाचा, त्याला नेमकी अडचण काय, ती त्याला कशी कळली आणि आपण काय करणार, एवढं लिहायचं. दुसरा रकाना भरायला फोन करावाच लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका ओळीवरून तो भरता येत नाही.

पाचांपैकी दोन शेऱ्यांना मताचा प्रश्नच येत नाही असं वाटतं, नियमाचा आणि छपाईचा. तिथेही थोडं खणावं लागतं.

सल्लागार बाईंचा भाषेचा मुद्दा पक्का आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल नियमांप्रमाणे सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत लागतो. मराठी त्याच्या जोडीने हवं तेवढं वापरता येतं. म्हणजे ‘सगळं मराठीतच’ हा काकूंचा हट्ट टिकत नाही. पण पुढे मोठ्या मराठी अक्षरांत नाव, त्याखाली लहान इंग्रजीत तेच, आणि मागे घटक वगैरे इंग्रजीत अशी मांडणी करायला कुणाची हरकत नाही. चिन्हाचं मात्र वेगळं निघालं. पाकिटाची दर्शनी बाजू 12 बाय 18 सेंटिमीटर, म्हणजे 216 चौरस सेंटिमीटर आहे. 100 ते 500 चौरस सेंटिमीटरच्या बाजूवर हिरव्या ठिपक्याचा व्यास किमान 4 मिलिमीटर आणि भोवतीच्या चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट, 8 मिलिमीटर लागते. बाईंनी 12 मागितले होते. त्यांना ‘हे कोणत्या नियमात?’ असं विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘नियमात 8च आहे, मी आपली खबरदारी म्हणून सांगते.’ खबरदारी चांगली, पण ती सल्ल्यात जमा होते, सक्तीत नाही. उलट मुलाला ते चिन्ह मागे टाकायचं होतं. ते होणार नाही. चिन्ह दर्शनी बाजूवर, नावाजवळच लागतं. तज्ज्ञाच्या शेऱ्यातून कायदा कुठे संपतो आणि त्याची सवय कुठे सुरू होते, हे विचारायला लाजू नये. चांगल्या तज्ज्ञाला त्याचा राग येत नाही.

छापखान्याचा शेराही तसाच सोलून बघावा लागला. चॉकलेटी रंग चार शाया एकावर एक चढवून तयार होणार होता. प्रत्येक शाईचा सिलिंडर वेगळा, आणि धावत्या फिल्मवर एखादा सिलिंडर केसभर जरी सरकला तरी बारीक पांढऱ्या अक्षरांच्या पोटात रंग शिरतो. छापखान्याचा उपाय होता, रंगच फिका करा. पण अडचण फक्त बारीक अक्षरांपुरती होती. मागच्या बाजूला मजकुरासाठी फिका पट्टा ठेवला, त्यावर एका काळ्या शाईत अक्षरं घेतली, आणि पुढचा गडद रंग जागच्या जागी राहिला. बारकोडही त्याच पट्ट्यावर आला. मुलाला त्याच्या रेघा रंगाला जुळत्या तांबूस हव्या होत्या. दुकानातले बरेच स्कॅनर तांबड्या प्रकाशावर चालतात, आणि त्या प्रकाशात तांबूस रेघ पांढऱ्या कागदासारखीच उजळ दिसते. मशीनला कोड वाचता येत नाही. त्यावर चर्चा झाली नाही.

आता वितरक. त्याच्या शेऱ्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. ‘दिसत नाही’ म्हणजे कुठे दिसत नाही? तो म्हणाला, चला दाखवतो. किराणा दुकानातल्या लोखंडी रॅकला पुढे पाकिटं पडू नयेत म्हणून एक पट्टी असते. ती पाकिटाचा खालचा दोन-तीन सेंटिमीटर भाग झाकते. आमच्या डिझाइनमध्ये ‘गोडा मसाला’ ही अक्षरं नेमकी तिथे होती. ग्राहकाला चॉकलेटी रंग, एका अनोळखी घराण्याचं नाव आणि डबा एवढंच दिसत होतं. आत चहा आहे की मसाला, कळायला मार्ग नव्हता. वितरकाची तक्रार शंभर टक्के खरी होती, कारण रंगाशी संबंधित नव्हतं इतकंच.

तरी रंगाची शंका मिटवायला हवी होती. असा शेरा वादाने सुटत नाही, बघून सुटतो. दोन नमुने साध्या कागदावर छापून भरलेल्या पाकिटांवर चिकटवले. एकात चॉकलेटी रंग तसाच, फक्त मसाल्याचं नाव वर नेलेलं. दुसऱ्यात नाव त्याच जागी वर, रंग लाल-पिवळा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे फरक पडला ते सांगता येत नाही. नमुने आळीपाळीने रॅकमध्ये ठेवून पाच-सहा फुटांवरून गिऱ्हाइकांना ‘यात गोडा मसाला कुठे आहे?’ एवढंच विचारायचं. ‘कुठला आवडला?’ हा प्रश्न चुकूनही विचारायचा नाही. त्याचं उत्तर लोक प्रेमाने देतात आणि ते काही कामाचं नसतं. लाल-पिवळं पाकीट आजूबाजूच्या तिखटाच्या आणि हळदीच्या पाकिटांत बुडून गेलं. चॉकलेटी, एकटंच असल्यामुळे, लगेच सापडलं. असल्या मूठभर माणसांच्या चाचणीतून विक्री किती होईल हे कळत नाही. दोन नमुन्यांत ठळक फरक असेल तर तो मात्र दिसतो. फरक दिसलाच नाही, तर तो प्रश्न आवडीचा समजून पुढे जावं.

काकू आणि मुलगा यांचं भांडण वरवर पाहता घरगुती होतं. फोन केल्यावर दोघांच्याही मागे काहीतरी ठोस निघालं. मुलगा ऑनलाइन विक्री बघतो. फोनच्या पडद्यावर पाकीट अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं आणि हकिकतीच्या ओळी धुळीसारख्या. काकूंची भीती वेगळी होती: आपल्याला कुणी बाजारातून पिशव्या भरून विकणारा व्यापारी समजू नये. तिला हकिकतच लागते असं नाही. पुढे ‘घरी भाजून, घरी कुटून’ एवढी एक ओळ आणि मागे फिक्या पट्ट्यावर आईची हकिकत, यावर दोघंही राजी झाली. मुलाच्या बाजूने त्याची बायको आणि मेहुणाही बोलले होते. पण तिघांनी एकाच सोफ्यावर बसून एकच फाइल पाहिली होती. अशी तीन मतं मोजताना एकच धरावी.

उरला एक वाद, आणि तो सुटला नाही. कुणाचं नाव मोठं, काकूंचं की मसाल्याचं? माझ्या मते मसाल्याचं. दुकानात कुणी नवख्या ब्रँडचं नाव घेऊन मागत नाही, ‘गोडा मसाला द्या’ म्हणतं. काकूंचा युक्तिवादही बिनबुडाचा नव्हता. वर्षानुवर्षं घेणारे लोक ‘काकूंचा मसाला’ म्हणूनच येतात, तेच हरवले तर? या भीतीला एक गाजलेला दाखला आहे. 2009 च्या जानेवारीत अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाचं खोकं बदललं. संत्र्यात खोचलेली नळी हे ओळखीचं चित्र काढून रसाचा पेला आणला. नेहमीच्या गिऱ्हाइकांना आपलं खोकं सापडेना, दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे 20 टक्के घसरल्याच्या बातम्या आल्या, आणि कंपनीने फेब्रुवारीतच जुनं चित्र परत आणायचं जाहीर केलं. मात्र तिथे ओळख चित्रात होती, अक्षरांच्या आकारात नव्हती. काकूंची ओळखही जुन्या चॉकलेटी डब्यात होती आणि तो रंग आम्ही राखला होता. हे सांगून झालं. काकूंचं मत बदललं नाही.

अशा वेळी निर्णय कुणाचा हे आधी, डिझाइन पाठवतानाच, ठरलेलं असावं लागतं. ते नाव एकच असावं, समिती नको. इथे पैसा काकूंचा, नाव काकूंचं, तक्रारीचे फोनही त्यांनाच येणार. त्यांचं नाव मोठं राहिलं. मसाल्याचं नाव मात्र वरच्या अर्ध्या भागातच हवं, कारण रॅकची पट्टी कुणाच्या आवडीने हलत नाही, एवढं त्यांनी मान्य केलं. तक्त्यात त्या ओळीसमोर माझा विरोध आणि त्याचं कारण लिहिलं. बाकी चौघांनाही तक्ता गेला, कारण ज्याचा शेरा का टाळला हे त्याला कळत नाही तो पुढच्या फेरीत तोच शेरा जास्त मोठ्या आवाजात पाठवतो. वितरकाला पट्टीचा फोटो आणि चाचणीचा निकाल पाठवला. त्याने उत्तरात अंगठा पाठवला आणि दोन नव्या सूचना. त्या कामाच्या होत्या, पण शेऱ्यांची मुदत संपली होती. सिलिंडर कोरायला गेल्यावर बदल केला तर नव्या सिलिंडरचा खर्च काकूंच्या माथी पडतो. त्या सूचना पुढच्या छपाईच्या यादीत गेल्या. तिथे नावाच्या आकाराचा प्रश्नही आहे आणि त्यापुढे अट लिहिली आहे: नव्या दुकानांतून दुसऱ्यांदा मागणी आली नाही, तर मसाल्याचं नाव मोठं करून बघायचं. खाली काकूंची सही आहे.