थायरोग्लोब्युलिनचा आकडा एकटा वाचू नका

थायरॉईडच्या पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर कर्करोगासाठी पूर्ण ग्रंथी काढली, वर रेडिओआयोडीनही दिलं, की पुढची काही वर्षं रक्तातल्या एका प्रथिनावर लक्ष ठेवावं लागतं. ते म्हणजे थायरोग्लोब्युलिन. ते थायरॉईडच्याच पेशी बनवतात, मग त्या निरोगी असोत वा या कर्करोगाच्या. दोन्ही उरल्या नाहीत, तर गोळी चालू असताना हा आकडा साधारण ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असायला हवा.

समजा, चाळिशीतल्या एका बाईंचा आकडा दोन वर्षं ०.१ च्या खालीच आहे. घरचे निर्धास्त आहेत. पण त्याच रिपोर्टवर खालच्या ओळीत अँटिबॉडीचा आकडा आहे: आधी १२०, सहा महिन्यांनी २१०, आता ३९०. थायरोग्लोब्युलिनला चिकटणाऱ्या या अँटिबॉडी नेहमीच्या चाचणीत ते लपवतात, त्यामुळे खरा आकडा कळत नाही. अशा वेळी अँटिबॉडीचीच चाल पाहायची. उतरत असतील तर ठीक, सतत चढत असतील तर कुठेतरी पेशी उरल्याची शंका घ्यायची. म्हणून डॉक्टर मानेची सोनोग्राफी सांगतात. त्यात एखादी संशयास्पद गाठ दिसली, तर सुईने तपासतात आणि ती सुई धुतलेल्या द्रवातही थायरोग्लोब्युलिन मोजतात. लसिकाग्रंथीत ते भरपूर सापडलं, तर रोग परतल्याचा तो भक्कम पुरावा असतो. मग बहुधा शस्त्रक्रियेचा विचार होतो.

रेडिओआयोडीनचा उपयोग शोधासाठीही होतो आणि उपचारासाठीही, कारण थायरॉईडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. मात्र त्यासाठी टीएसएच ३० च्या वर जावा लागतो. त्याकरता थायरॉक्सिनची गोळी तीन-चार आठवडे बंद ठेवतात किंवा टीएसएचचं इंजेक्शन देतात. गोळी बंद असताना थकवा, सूज, बद्धकोष्ठता असा त्रास होतो. आधीचे एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, मासळी, अंडी आणि दूधदुभतं टाळायचं असतं. नुकताच कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झाला असेल, तर ते आधी सांगायला हवं. त्यातल्या आयोडीनने पेशी आधीच भरलेल्या असतात, मग औषध आत शिरत नाही.

कधी थायरोग्लोब्युलिन चढतं, पण रेडिओआयोडीनच्या स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही. काही पेशी आयोडीन ओढण्याची क्षमता गमावतात, पण प्रथिन बनवत राहतात. त्यांच्यावर पुन्हा पुन्हा डोस देऊन सहसा फायदा होत नाही. साखरेवर आधारलेला पेट स्कॅन त्यांचा ठाव घेऊ शकतो.

म्हणून थायरोग्लोब्युलिन, अँटिबॉडी आणि टीएसएच या तिन्ही चाचण्या एकाच वेळी, शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये करा. लॅब बदलली की पद्धत बदलते आणि आकड्यांची तुलना फसते. सगळे जुने रिपोर्ट तारखेनुसार फाइलला लावून डॉक्टरांपुढे ठेवा.