अपुरी झोप आणि स्मृतिभ्रंशाची धास्ती

पन्नाशीच्या आसपासच्या अनेक वाचकांना हा अनुभव परिचयाचा असेल. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. पूर्वी अशा वेळी उद्याची कामे मनात घोळत. आता त्यांच्या जोडीला एक वेगळीच शंका येते. घरात आई किंवा सासरे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले असतात. ‘कमी झोपणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका तीस टक्क्यांनी अधिक’ अशी बातमी कोणीतरी मोबाइलवर धाडलेली असते. सकाळी चष्मा सापडत नव्हता आणि दुपारी शेजारणीचे नाव ओठांवर येऊन अडले होते, हेही नेमके त्याच वेळी आठवते. मग झोप येत नाही म्हणून भीती आणि भीती वाटते म्हणून झोप नाही, असे चक्र सुरू होते.

या तीस टक्क्यांचा उगम कोठे आहे, ते आधी पाहू. लंडनमधील सरकारी नोकरांच्या आरोग्याचा ‘व्हाइटहॉल २’ हा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून त्याच माणसांची वेळोवेळी तपासणी होत आली. त्यांतील ७,९५९ जणांच्या झोपेविषयीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे २५ वर्षांच्या काळात त्यांच्यापैकी ५२१ जणांना स्मृतिभ्रंश झाला. पन्नास, साठ आणि सत्तर या तिन्ही वयांत जे सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपत होते, त्यांच्यात हे प्रमाण सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळले.

आता थोडे गणित करू. ७,९५९ पैकी ५२१ म्हणजे शंभरात साडेसहा. त्यात तीस टक्क्यांची भर घातली, तर शंभरात साधारण साडेआठ होतात. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून प्रमाणाची कल्पना येते. सात तास झोपणारी शंभर माणसे आणि वर्षानुवर्षे कमी झोपणारी शंभर माणसे यांच्यात, पंचवीस वर्षांनंतर, फरक पडला तो सुमारे दोन माणसांचा. कमी झोपणाऱ्या शंभरांपैकी नव्वदाहून अधिक जणांना या काळात स्मृतिभ्रंश झालाच नाही. बातमीत तीस हा आकडा येतो, दोन येत नाही; पहाटे तीन वाजता मात्र माणसाला या दोनचीच खरी गरज असते.

ही दोन माणसे तरी कमी झोपेमुळेच आजारी पडली का, हा पुढचा प्रश्न. अल्झायमर या आजारात मेंदूत होणारे बदल विस्मरण दिसू लागण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरू होतात, आणि झोपेवर नियंत्रण ठेवणारे मेंदूचे भागही त्यांच्या तावडीत सापडू शकतात. म्हणजे बिघडलेली झोप हे आजाराचे कारण नसून त्याची चाहूल असणे शक्य आहे. सत्तरीतील माणसांच्या अभ्यासांत हा घोळ फार होतो. व्हाइटहॉलच्या अभ्यासाला वजन आहे ते यासाठी की, त्यात पन्नाशीतली झोप नोंदलेली होती आणि आजाराचे निदान सरासरी सत्त्याहत्तराव्या वर्षी झाले. इतके अंतर असताना सारा दोष ‘चाहुली’वर टाकता येत नाही. तरीही हे निरीक्षणच आहे. लोकांची झोप सुधारली आणि त्यामुळे पुढे स्मृतिभ्रंश टळला, असे दाखवणारा प्रयोग आजवर झालेला नाही.

‘झोपेत मेंदूची धुलाई होते’ हे वाक्यही आपण ऐकले असेल. त्याचा आधार २०१३ चा उंदरांवरील एक प्रयोग आहे. झोपलेल्या उंदरांच्या मेंदूतील पेशींमधली जागा रुंदावते आणि टाकाऊ द्रव्ये अधिक वेगाने वाहून जातात, असे त्यात दिसले होते. पण २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाने उंदरांवरच वेगळ्या पद्धतीने मोजणी केली, तेव्हा निष्कर्ष नेमका उलट निघाला. हा वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे या कल्पनेवरून आपल्या एका वाईट रात्रीचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी दिली. तिच्यात उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, बहिरेपण, मंदावलेली दृष्टी, धूम्रपान, एकाकीपण आहे. झोपेचा समावेश मात्र केलेला नाही.

मग झोपेकडे दुर्लक्ष करावे का? मुळीच नाही. न झोपलेल्या माणसाचा आजचा दिवस वाया जातो, चिडचिड होते, गाडी चालवताना डुलकी लागते; उपचारासाठी एवढे कारण पुरेसे आहे. पण उपचारापूर्वी झोप का बिघडली, हे पाहावे लागते. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ते कल्पित आहे, तरी त्यातील तपशील डॉक्टरांना रोज भेटणाऱ्या रुग्णांचेच आहेत.

बँकेत नोकरी करणारी बावन्न वर्षांची एक स्त्री. आईला स्मृतिभ्रंश. रात्री दहाला ती अंथरुणावर पडते आणि सकाळी सहाला उठते. अकरा-साडेअकरापर्यंत झोप लागत नाही आणि तीनला जाग येते. मनगटावरचे घड्याळ रोज सकाळी ‘गाढ झोप अपुरी’ असे सांगते. (ही घड्याळे अंथरुणावरचा एकूण काळ बऱ्यापैकी मोजतात, झोपेचे टप्पे ओळखण्यात त्यांची चूक बरीच होते. त्या आलेखाने दिवसाची सुरुवात खराब होत असेल, तर घड्याळ रात्री कपाटात ठेवलेले बरे.)

डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न घोरण्याविषयी विचारला आणि उत्तर तिच्या यजमानांकडून घेतले, कारण आपले घोरणे आपल्याला ऐकू येत नाही. झोपेत श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ पुन्हा पुन्हा अडतो, त्या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. मोठ्याने घोरणे, मध्येच शांतता आणि मग दचकून श्वास घेणे, सकाळी डोके जड असणे, दिवसा बसल्या जागी डोळा लागणे ही त्याची लक्षणे होत. पाळीच्या निवृत्तीनंतर स्त्रियांमध्येही तो वाढतो; पण त्या ‘थकवा’ किंवा ‘झोप येत नाही’ एवढेच सांगतात आणि निदान हुकते. अशी शंका असेल, तर स्लीप स्टडी ही एका रात्रीची तपासणी करावी. ती आता घरीही होऊ शकते. या विकारात झोपेची गोळी घेणे घातक ठरू शकते. दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राने दिवसाची सुस्ती जाते आणि रक्तदाबही काहीसा उतरतो.

आपल्या उदाहरणातील स्त्रीला ही लक्षणे नव्हती. रात्री अंगातून वाफा निघून घाम येत होता, त्यासाठी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. रक्तदाब मात्र १४८/९२ निघाला. तो पुन्हा तपासून त्यावर उपचार सुरू झाले. माझ्या मते, आईच्या वाटेने आपण जाऊ नये यासाठी तिने त्या महिन्यात जे जे केले, त्यात पुराव्याच्या दृष्टीने हेच सर्वांत भक्कम होते. आणि नेमके याचेच तिला फारसे काही वाटले नव्हते.

उरला निद्रानाश. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या निद्रानाशावर पहिला उपचार गोळी हा नाही, झोपेच्या सवयींवरची बोधन-वर्तन उपचारपद्धती हा आहे. अमेरिका आणि युरोपमधील वैद्यकीय संस्थांची शिफारस तशीच आहे. तिने दोन आठवडे वहीत नोंद ठेवली. अंथरुणात आठ तास, प्रत्यक्ष झोप सरासरी साडेपाच तास. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी जेमतेम ६९ टक्के वेळ झोपेचा. उरलेले अडीच तास ती रोज अंथरुणात पडून काळजी करण्याचा सरावच करत होती.

उपाय उलटा वाटेल असा आहे. झोप साडेपाच तास, तर अंथरुणही साडेपाचच तास. तिने रात्री बाराला पडायचे आणि रविवार असो वा सण, साडेपाचला उठायचे ठरवले. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचे आणि पेंग आली की परतायचे. घड्याळ बघायचे नाही. दुपारची वामकुक्षी बंद.

पहिला आठवडा अवघड गेला. संध्याकाळी सातलाच डोळे मिटू लागत. त्या काळात तिने स्कूटर चालवली नाही, रिक्षाने गेली. दुसऱ्या आठवड्यात झोप पाच तासांवर आली. आकडा कमी दिसतो, पण साडेपाच तासांपैकी पाच म्हणजे ९० टक्के झोप, आणि तीही सलग. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की झोपण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणायची, ८० च्या खाली घसरली की तेवढीच पुढे ढकलायची. मध्ये एक आठवडा आईला रुग्णालयात न्यावे लागले आणि गाडी अडली. आठव्या आठवड्यात ती अकराला पडत होती, साडेपाचला उठत होती आणि सहा तास झोपत होती. सात तास नाहीतच. पण तीनला जाग आली तरी ती आता पुन्हा झोपू शकत होती.

अंथरुणातला वेळ पाच तासांहून खाली आणू नये. अपस्माराचे झटके येणाऱ्यांनी, द्विध्रुवी मनोविकार असणाऱ्यांनी आणि वाहन चालवणे हाच व्यवसाय असणाऱ्यांनी हा उपाय डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. ज्यांना अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामची सवय झाली आहे, त्यांनी हा लेख वाचून गोळी एकदम थांबवू नये. त्यामुळे झोप तर उडतेच, क्वचित झटकेही येतात. मात्रा आठवड्यागणिक हळूहळू आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उतरवावी लागते. या गोळ्यांनी पुढे स्मृतिभ्रंश होतो का, याविषयी अभ्यासांत एकवाक्यता नाही. पण त्या घेत असताना स्मरण मंदावते आणि उतारवयात तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, हे निश्चित आहे.

राहिला चष्म्याचा आणि शेजारणीच्या नावाचा प्रश्न. नाव ओठांवर अडणे आणि तासाभराने आठवणे हे पन्नाशीत, विशेषतः अपुऱ्या झोपेनंतर, नेहमीचेच आहे. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, वर्षानुवर्षे केलेला बँकेचा व्यवहार किंवा नेहमीचा स्वयंपाक जमेनासा होणे, तीच गोष्ट अर्ध्या तासात पुन्हा विचारणे ही लक्षणे निराळी. ती बहुधा स्वतःच्या आधी घरच्यांच्या ध्यानात येतात. तसे होत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. ते अन्य तपासण्यांबरोबर रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडही पाहतील. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता पुष्कळदा आढळते, आणि तिच्यामुळे आलेले विस्मरण वेळीच उपचार केल्यास भरून येऊ शकते.