पहिली नोकरी, पहिला डब्ल्यू-टू

मंडळी, जानेवारीच्या अखेरीस कंपनीकडून डब्ल्यू-टू आला, की आपल्या नव्या मुलामुलींचे मला फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: "टॅक्स पगारातून कापलाच आहे, मग पुन्हा रिटर्न कशाला?" एम.एस. संपवून एफ-वन व्हिसावर, ओपीटीवर पहिली नोकरी धरलेल्यांना मी फोनवर जे सांगतो, तेच इथे सांगतो.

कापलेला टॅक्स हा नुसता अंदाज असतो. समजा, एक अविवाहित मुलगी ऑगस्ट २०२२मध्ये इथे शिकायला आली आणि जुलै २०२४मध्ये वर्षाला ८०,००० डॉलरवर नोकरीला लागली. २०२४मध्ये तिच्या हाती सहाच महिन्यांचे ४०,००० आले. डब्ल्यू-टूच्या पहिल्या चौकटीत तोच आकडा असतो. पण कंपनी प्रत्येक पगारातून कापते ते वर्षभर तेवढाच पगार मिळणार असे धरून. म्हणून दुसऱ्या चौकटीत सुमारे ४,७२० दिसतील.

आता फॉर्म कोणता? एफ-वनवरच्या विद्यार्थ्याची पहिली पाच कॅलेंडर वर्षे टॅक्सपुरती अनिवासी धरतात. डिसेंबरात उतरलात तरी ते एक वर्ष मोजले जाते. हिची २०२२ ते २०२६ ही पाच. म्हणून फॉर्म १०४० नव्हे, १०४०-एनआर, आणि सोबत ८८४३. (मी सॉफ्टवेअरवालाच, म्हणून सांगतो: सगळ्यांसाठीचा टॅक्स प्रोग्रॅम बहुधा तुम्हाला निवासी समजून थेट १०४० भरून देतो.) तसा भरला गेला असेल तर १०४०-एक्सने दुरुस्त करावा.

इथे आपला एक फायदा आहे. इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. भारतीयांना भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे मिळते. २०२४साठी ते १४,६०० होते. ४०,००० मधून ते वजा केले की उरले २५,४००, आणि त्यावर टॅक्स सुमारे २,८२०. म्हणजे हिला सुमारे १,९०० डॉलर परत मिळतील. रिटर्न न भरल्यास ते सरकारकडेच राहतील. राज्याचे रिटर्न लागत असेल तर ते वेगळे भरावे.

डब्ल्यू-टूच्या चौथ्या आणि सहाव्या चौकटीकडेही जरूर बघा. तिथे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर असते. अनिवासी एफ-वनवाल्यांच्या ओपीटीच्या पगारातून ते कापायचे नसते, पण पेरोलवाल्यांना हे पुष्कळदा ठाऊक नसते. हिच्या बाबतीत चौकटींत २,४८० आणि ५८० असतील, तर ३,०६० डॉलर नाहक गेले. हे पैसे १०४०-एनआरमधून परत मिळत नाहीत. आधी कंपनीकडे लेखी मागावेत. तिने नकार दिला, तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ थेट आयआरएसला पाठवावेत. मुदत साधारण तीन वर्षांची. मात्र ऑक्टोबरात एच-वन सुरू झाला, की त्या दिवसापासूनची ही कपात बरोबरच असते. ती परत मागू नये.