बिल ऑफ एंट्रीतून मालाची पडतळ कशी काढायची

परदेशातून माल मागवणारे बरेच छोटे व्यापारी पडतळ काढण्याचा सोपा रस्ता धरतात. क्लिअरिंग एजंटाकडून आलेल्या बिल ऑफ एंट्रीच्या पहिल्या पानावरचा एकूण ड्युटीचा आकडा घ्यायचा, त्यात भाडे आणि बाकीचा खर्च मिळवायचा आणि ती बेरीज सगळ्या मालावर किमतीच्या प्रमाणात वाटून टाकायची. एकाच जातीचा माल असेल तर हे कसेबसे चालते. दोन जातींचा माल एकाच बिलात आला की हिशेब फसतो, आणि तो फसल्याचे वर्षअखेरीला नफा मोजेपर्यंत कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याने चीनमधून न्हावा शेवा बंदरात माल उतरवला. त्यात दीड डॉलरचे एक असे ४,००० बेअरिंग आणि चार डॉलरचा एक असे १,००० पान्यांचे संच होते. इन्व्हॉइस १०,००० डॉलरचे, एफओबी अटीवर, म्हणजे बोटीचे भाडे आणि विमा खरेदीदाराकडे. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत. दर बदलत असतात, तेव्हा तुमचे दर तुमच्याच बिलावरून घ्या.

बिल हातात आले की आधी पहिले पान सोडून इन्व्हॉइस आणि मूल्याच्या भागात जावे. सीमाशुल्क खाते ड्युटी आकारते ती इन्व्हॉइसच्या रकमेवर नाही, तर भाडे आणि विमा धरून येणाऱ्या असेसेबल व्हॅल्यूवर. आपल्या व्यापाऱ्याचे भाडे ८८७.५० डॉलर. विमा त्याने उतरवलाच नव्हता. पण विम्याची रक्कम दाखवता आली नाही तर नियमाप्रमाणे एफओबी किमतीच्या १.१२५ टक्के धरली जाते, म्हणून बिलात ११२.५० डॉलर लागले. बेरीज ११,००० डॉलर. बिल दाखल झाले त्या दिवशीचा कस्टम्सचा दर डॉलरला ८५ रुपये होता, म्हणून असेसेबल व्हॅल्यू ९,३५,००० रुपये. पहिल्या पानावर TOT.ASS VAL समोर हाच आकडा दिसतो.

ही रक्कम व्यापाऱ्याने कोणालाच दिलेली नाही, हे इथेच ध्यानात घ्यावे. विम्याचे पैसे गेले नाहीत आणि बँकेने डॉलर ८५.५० ला दिला. असेसेबल व्हॅल्यू म्हणजे सरकारने ड्युटीपुरता धरलेला पाया. पडतळीत ती खरेदी किंमत म्हणून घालू नये. अनेक तयार एक्सेल शीट नेमकी तेच करतात.

पुढे प्रत्येक वस्तूच्या ड्युटीचा भाग येतो, आणि बिलाचा जीव त्यातच असतो. भाडे आणि विमा इन्व्हॉइस किमतीच्या प्रमाणात वाटले गेल्यामुळे बेअरिंगच्या वाट्याला ५,६१,००० आणि पान्यांच्या वाट्याला ३,७४,००० असेसेबल व्हॅल्यू आली. बेअरिंगवर बेसिक ड्युटी ७.५ टक्के, पान्यांवर १० टक्के. बेसिक ड्युटीच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे SWS. मग असेसेबल व्हॅल्यू, बेसिक ड्युटी आणि अधिभार या तिन्हींच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी. पान्यांचे मांडून पाहू: बेसिक ३७,४००, अधिभार ३,७४०, तिन्ही मिळून ४,१५,१४०, त्यावर आयजीएसटी सुमारे ७४,७२५. बेअरिंगची बेसिक आणि अधिभार मिळून ४६,२८२.५०, आयजीएसटी सुमारे १,०९,३११.

या रकाने वाचताना दोन जागी हात घसरतो. AMOUNT शेजारी DUTY FG असा रकाना असतो. सवलतीच्या अधिसूचनेमुळे माफ झालेली ड्युटी त्यात दाखवतात. ती भरलेली नसते, तेव्हा पडतळीत घ्यायची नाही. दुसरी जागा नगांची. C.QTY मध्ये व्यापारी एकक असते, S.QTY मध्ये टॅरिफचे. पान्यांचे टॅरिफ एकक किलो असल्याने एकीकडे १,००० संच आणि दुसरीकडे २,२०० किलो दिसतात. भागाकार २,२०० ने झाला तर संच निम्म्याहून स्वस्त पडल्यासारखा वाटतो.

आता आयजीएसटी. व्यापारी नियमित जीएसटीत असेल तर त्याला बिल ऑफ एंट्रीवरच क्रेडिट मिळते. तो कर पुढच्या विक्रीच्या करातून वळता होतो, म्हणून पडतळीत येत नाही. वर सांगितलेल्या सोप्या रस्त्यात नेमकी हीच सर्वांत मोठी रक्कम आत शिरते. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याचे मात्र उलट आहे. त्याला क्रेडिट नाही, त्यामुळे पान्यांच्या प्रत्येक संचावर जवळजवळ ७५ रुपये त्याच्या पडतळीत चढतात.

उरला प्रत्यक्ष खर्च. बोटीच्या भाड्याचे ७६,००० रुपये आणि डिलिव्हरी ऑर्डर, सीएफएस, एजंट, ट्रक मिळून ४४,०००, जीएसटी वगळून. एकूण १,२०,०००. कस्टम्सने भाडे किमतीच्या प्रमाणात वाटले म्हणून आपणही तसेच वाटावे, असे नाही. इथे भाड्यापासून ट्रकपर्यंत बहुतेक आकारणी वजनावर झाली होती. तीन टन मालात पाने पाऊण हिश्श्याचे. मग ९०,००० पान्यांवर आणि ३०,००० बेअरिंगवर टाकायला हवेत. हलका पण जागा खाणारा माल असेल तर वजनाऐवजी घनफळ धरावे.

पान्यांची पडतळ आता निघते. बँकेला गेलेले ३,४२,०००, ड्युटी ४१,१४० आणि खर्च ९०,०००, मिळून ४,७३,१४०. संचाला ४७३ रुपये. बेअरिंग नगाला १४७ रुपये ३२ पैसे. हाच खर्च किमतीच्या प्रमाणात वाटला असता तर संच ४३१ ला पडलेला दिसला असता आणि बेअरिंग १५७.८२ ला. व्यापाऱ्याने मग संच ४६० ला विकून २९ रुपये सुटले असे मानले असते, प्रत्यक्षात तेरा रुपये पदरचे गेले असते. वर बेअरिंग महाग लावून त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेले असते, ते वेगळेच.

लिहून झाल्यावर दोन बेरजा जुळवाव्यात. सगळ्या वस्तूंच्या असेसेबल व्हॅल्यूची बेरीज पहिल्या पानाशी, आणि ड्युटीची बेरीज तिथल्याच एकूण ड्युटीशी. एखाद्या रुपयाचा फरक पूर्णांकाचा, तो सोडून द्यावा. जास्त निघाला तर एखादी वस्तू दुसऱ्या पानावर राहून गेली असावी, किंवा अँटी-डंपिंगसारखी वेगळी ड्युटी नजरेतून सुटली असावी. बिल उशिरा दाखल झाल्याचा दंड किंवा ड्युटी उशिरा भरल्याचे व्याज पहिल्या पानावर INT, PNLTY, FINE अशा चौकटींत येते. माझ्या मते ते संचाच्या किमतीवर चढवू नये, वेगळे लिहावे. पुढच्या खेपेला तो खर्च यायलाच हवा असे काही नाही.

शेवटी कोणती प्रत घ्यायची ते. दाखल करण्याआधी एजंट चेकलिस्ट पाठवतो, तिच्यावर पडतळ बांधून दर जाहीर करण्याची घाई करू नका. तपासणीत अधिकारी वर्गीकरण बदलू शकतो किंवा मूल्य वाढवू शकतो, आणि मग सगळे रकाने बदलतात. एजंटाकडून माल सुटल्याची, म्हणजे आउट ऑफ चार्ज झालेली प्रत मागून घ्या आणि आकडे तिच्यावरूनच उतरवा.